सिंक्रोनस मोटरचे व्ही-कर्व्ह आणि ओव्हर-एक्सायटेशनमधून प्लांटला मिळणारे केव्हीएआर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सर्व उत्तरांत एकच मोटर उदाहरणाला घेतली आहे, म्हणजे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतील. ही मोटर ६.६ केव्ही, थ्री-फेज, १००० केव्हीए, ०.८ लीडिंग पॉवर फॅक्टरची आहे आणि पूर्ण लोडवर लाइनमधून ८०० किलोवॅट घेते. तिचा सिंक्रोनस रिअॅक्टन्स तिच्याच रेटिंगवर १.० पर युनिट धरला आहे. फील्डमध्ये १०० अँपिअर असताना नो-लोडवर रेटेड व्होल्टेज मिळते, असे मानले आहे. लॉसेस, सॅलियन्सी आणि लोखंडाचे सॅच्युरेशन हिशेबात घेतलेले नाही. जिथे त्यामुळे उत्तर बदलते तिथे तसे म्हटले आहे.

१. व्ही-कर्व्ह म्हणजे नेमके काय, आणि तो व्हीच्याच आकाराचा का येतो?

शाफ्टवरचा लोड आणि बसचे व्होल्टेज कायम ठेवून फक्त फील्ड करंट बदलत गेलो आणि प्रत्येक वेळी स्टेटरचा करंट नोंदवला, तर आडव्या अक्षावर फील्ड करंट व उभ्या अक्षावर स्टेटर करंट घेऊन जी रेषा मिळते तिला व्ही-कर्व्ह म्हणतात. प्रत्येक लोडसाठी वेगळा कर्व्ह मिळतो. लोड जितका जास्त, तितका कर्व्ह वर आणि त्याचा तळ थोडा उजवीकडे सरकतो.

आकाराचे कारण असे. बसचे व्होल्टेज ठरलेले असल्यामुळे मोटरच्या एअर गॅपमधला एकूण फ्लक्स जवळजवळ ठरलेला असतो. रोटरने तो पुरेसा दिला नाही, तर उरलेले चुंबकन स्टेटर लाइनमधून लॅगिंग करंट घेऊन भरून काढतो. रोटरने गरजेपेक्षा जास्त दिला, तर जादा चुंबकन खोडून काढण्यासाठी स्टेटर लीडिंग करंट घेतो. मधल्या एका बिंदूवर यातले काहीच लागत नाही, आणि तो बिंदू म्हणजे युनिटी पॉवर फॅक्टर.

स्टेटर करंट हा काटकोन त्रिकोणाचा कर्ण समजावा. त्याची एक बाजू किलोवॅटची आहे आणि लोड कायम असल्याने ती हलत नाही. आपल्या मोटरला ८०० किलोवॅटवर ती ७० अँपिअर आहे. दुसरी बाजू रिअॅक्टिव्ह करंटची आहे. फील्ड वाढवत गेल्यावर ती लॅगिंगकडून कमी होत शून्यावर येते आणि मग लीडिंगकडे वाढू लागते. म्हणून कर्ण आधी घटतो आणि नंतर वाढतो. लोडवर कर्व्हचा तळ गोलसर येतो. नो-लोडवर किलोवॅटची बाजूच जवळजवळ नसते, आणि तेव्हा कर्व्ह खरोखर टोकदार व्ही दिसतो. सिंक्रोनस कंडेन्सर हा याच शेवटच्या कर्व्हवर चालणारा, शाफ्टवर काहीही न जोडलेला मोटर असतो.

२. फील्ड वाढवल्यावर मोटरचा वेग किंवा किलोवॅट वाढायला नकोत का?

नाही. वेग फ्रीक्वेन्सी व पोलची संख्या ठरवते आणि किलोवॅट शाफ्टवरचा लोड ठरवतो. फील्ड वाढवल्याने मोटरचे आंतरिक व्होल्टेज वाढते आणि तेवढेच किलोवॅट ओढायला रोटरला कमी मागे राहावे लागते, म्हणजे लोड अँगल घटतो. आपल्या मोटरमध्ये ८०० किलोवॅटवर युनिटीला हा अँगल सुमारे ३८.७ अंश असतो, तर ०.८ लीडिंगला सुमारे २६.६ अंश. पुल-आउटची क्षमता त्याच हिशेबात लोडच्या १.६ पटीवरून २.२ पटीपर्यंत जाते. ओव्हर-एक्सायटेड मोटर झटका सोसायला अधिक घट्ट असते ती यामुळे.

३. आमची मोटर आत्ता कर्व्हच्या कोणत्या बाजूला आहे हे कसे ओळखायचे? पॉवर फॅक्टर मीटरवर भरवसा ठेवावा का?

लोड स्थिर असताना फील्ड थोडेसे, समजा दोन-तीन टक्के, वाढवा आणि स्टेटरच्या अँमीटरकडे पाहा. करंट कमी झाला तर मोटर अंडर-एक्सायटेड, म्हणजे डाव्या बाजूला आहे. वाढला तर ती ओव्हर-एक्सायटेड, म्हणजे उजव्या बाजूला आहे. काटा जवळपास हललाच नाही तर आपण तळाशी, युनिटीजवळ आहोत.

ही चाचणी मीटरपेक्षा विश्वासाची आहे. सीटीची पोलॅरिटी किंवा फेज सीक्वेन्स उलटा जोडलेला असला की पॉवर फॅक्टर मीटर लॅगिंगला लीडिंग दाखवतो. मग ऑपरेटर ‘सुधारण्यासाठी’ फील्ड कमी करत जातो आणि मोटरला पुल-आउटच्या दिशेने ढकलतो. पॅनेलमध्ये सीटी बदलला असेल, तर पहिल्यांदा हीच चाचणी करावी.

रेसिप्रोकेटिंग कॉम्प्रेसरवर मोटर असेल तर अँमीटरचा काटा प्रत्येक स्ट्रोकला झुलत राहतो. अशा वेळी काट्याची टोके न पाहता सरासरी देणारा डिजिटल मीटर वापरावा, नाहीतर दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसणारच नाही.

४. ओव्हर-एक्सायटेड मोटर केव्हीएआर ‘देते’ म्हणजे काय, आणि किती फील्डला किती देते?

लीडिंग करंट घेणारी मोटर लाइनच्या दृष्टीने कपॅसिटरसारखी असते. शेजारच्या इंडक्शन मोटरना आणि ट्रान्सफॉर्मरना चुंबकनासाठी जो लॅगिंग करंट लागतो, तो बाहेरून न येता या मोटरकडून भागतो. यालाच आपण ‘देते’ म्हणतो. हिशेब दोन ओळींचा आहे; सर्व राशी पर युनिटमध्ये, V बसचे व्होल्टेज, E आंतरिक व्होल्टेज, δ लोड अँगल, Xs सिंक्रोनस रिअॅक्टन्स, P घेतलेले किलोवॅट आणि Q दिलेले केव्हीएआर:

```
E·cosδ = V + Xs·Q/V
E·sinδ = Xs·P/V
```

८०० किलोवॅट लोड कायम ठेवून आपल्या मोटरचा कर्व्ह असा येतो:

| फील्ड (अँपिअर) | स्टेटर (अँपिअर) | केव्हीएआर | पॉवर फॅक्टर |
|---|---|---|---|
| ८० | ११२ | १००० घेते | ०.६२ लॅगिंग (स्थिरतेची हद्द) |
| १०० | ७८ | ४०० घेते | ०.८९ लॅगिंग |
| १२८ | ७० | ० | युनिटी |
| १५३ | ७५ | ३०० देते | ०.९४ लीडिंग |
| १७९ | ८७.५ | ६०० देते | ०.८० लीडिंग |

तळाकडून उजवीकडे जाणाऱ्या शेवटच्या तीन ओळी नीट पाहाव्यात, कारण ओव्हर-एक्सायटेशनचा खरा हिशेब तिथेच आहे. पहिल्या ३०० केव्हीएआरसाठी स्टेटर करंट फक्त ५ अँपिअरने वाढला. पुढच्या तितक्याच केव्हीएआरला साडेबारा अँपिअर लागले. तळाशी कर्व्ह सपाट असल्यामुळे सुरुवातीचे केव्हीएआर स्टेटरला जवळजवळ फुकट पडतात आणि नंतरचे महाग होत जातात. फील्डला मात्र अशी सवलत नाही: फील्ड वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, त्यामुळे १२८ वरून १५३ वर जाताना ती सुमारे १.४ पट आणि १७९ वर जाताना जवळजवळ दुप्पट होते. प्रत्यक्षात लोखंड सॅच्युरेट होत असल्याने १७९ पेक्षाही जास्त अँपिअर लागतात. नेमका आकडा नेमप्लेटवर ‘रेटेड फील्ड करंट’ म्हणून असतो आणि तोच प्रमाण मानावा.

५. एका मोटरने अख्ख्या प्लांटच्या पॉवर फॅक्टरवर प्रत्यक्ष किती फरक पडतो?

समजा उरलेल्या प्लांटचा लोड २४०० किलोवॅट आणि ०.८ लॅगिंग आहे, म्हणजे त्याला १८०० केव्हीएआर लागतात. आता ८०० किलोवॅटचे काम तीन प्रकारे करून पाहू.

हे काम ०.८५ लॅगिंगच्या इंडक्शन मोटरने केले, तर ती स्वतःच सुमारे ४९६ केव्हीएआर मागते. एकूण ३२०० किलोवॅट आणि २२९६ केव्हीएआर होतात, पॉवर फॅक्टर सुमारे ०.८१ आणि इनकमरचा करंट ३४४ अँपिअरच्या आसपास येतो. आपली सिंक्रोनस मोटर युनिटीवर चालवली, तर केव्हीएआर १८०० वर राहतात, पॉवर फॅक्टर ०.८७ आणि करंट ३२१ अँपिअर होतो. तीच मोटर ०.८ लीडिंगवर चालवली की बाहेरून फक्त १२०० केव्हीएआर येतात, पॉवर फॅक्टर ०.९४ पर्यंत जातो आणि इनकमरवर २९९ अँपिअर उरतात.

पहिल्या व तिसऱ्या स्थितीत केव्हीएआरचा फरक जवळजवळ ११०० आहे, ६०० नव्हे. इंडक्शन मोटर जे मागत होती ते वाचले आणि वर नवे ६०० मिळाले. मोटर बदलण्याचा प्रस्ताव मांडताना हा पहिला भाग बहुतेक वेळा विसरला जातो.

६. आमच्या मोटरच्या नेमप्लेटवर १.० पॉवर फॅक्टर आहे. तिलाही ओव्हर-एक्साइट करून केव्हीएआर घेता येतील का?

पूर्ण लोडवर नाही. युनिटीच्या मोटरचा स्टेटर आणि फील्ड दोन्ही तेवढ्याच कामासाठी गुंडाळलेले असतात. लोड कमी असेल तेव्हा थोडे केव्हीएआर मिळतात, पण बहुतेकांच्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी.

आपल्याच मोटरची युनिटी आवृत्ती घेऊ: ८०० केव्हीए, रेटेड स्टेटर ७० अँपिअर, रेटेड फील्ड १२८ अँपिअर. ती ५०० किलोवॅटवर चालत असताना स्टेटरच्या बाजूने हिशेब केला तर ६२४ केव्हीएआरची जागा रिकामी दिसते. पण फील्ड १२८ च्या वर नेता येत नाही, आणि तेवढ्या फील्डवर मोटर फक्त सुमारे १७९ केव्हीएआर देते. ‘केव्हीएचा वर्ग वजा किलोवॅटचा वर्ग’ हे सूत्र स्टेटरपुरतेच खरे आहे. लीडिंग बाजूला, विशेषतः लोड कमी असताना, फील्डची हद्द आधी लागते. स्टेटरचा अँमीटर निम्म्यावर दिसत असतानाही रोटर जळू शकतो, त्यामुळे फील्ड अँमीटरवर लाल रेघ मारलेली असावी.

७. शाफ्टवरचा लोड निम्मा झाला तर केव्हीएआर वाढतात की कमी होतात?

हे एक्सायटेशन कशावर लावले आहे त्यावर अवलंबून आहे. या एका प्रश्नाची तीन वेगवेगळी आणि तिन्ही बरोबर उत्तरे मिळतात, म्हणून लोकांचा गोंधळ होतो.

फील्ड करंट स्थिर असेल तर केव्हीएआर वाढतात. आपल्या मोटरमध्ये फील्ड १७९ अँपिअरवर ठेवून लोड ८०० वरून ४०० किलोवॅटवर आणला, तर ६०० चे सुमारे ७४४ केव्हीएआर होतात, आणि नो-लोडवर ७८९. स्टेटर करंट उलट ८७.५ वरून ७४ अँपिअरवर येतो. रोटरचा जो जोर किलोवॅट ओढण्यात खर्च होत होता, तो मोकळा होऊन केव्हीएआरकडे वळतो असे समजावे.

रेग्युलेटर मोटरच्या स्वतःच्या पॉवर फॅक्टरवर लावलेला असेल तर केव्हीएआर कमी होतात. ०.८ लीडिंग कायम राखण्यासाठी तो ४०० किलोवॅटला ३०० च केव्हीएआर देतो आणि फील्ड खाली आणतो. कॉम्प्रेसर अनलोड झाला की प्लांटचा पॉवर फॅक्टर घसरतो, अशी तक्रार येते तेव्हा कारण बहुधा हेच निघते. तिसरा प्रकार केव्हीएआर कायम ठेवणारा रेग्युलेटर, आणि तो लोड काहीही असला तरी ६०० देत राहतो.

माझे मत असे की प्लांटला केव्हीएआर हवे असतील तर मोटरचा पॉवर फॅक्टर नियंत्रित करण्यात फारसा अर्थ नाही. रेग्युलेटरला इनकमरच्या सीटीवरून प्लांटचा पॉवर फॅक्टर द्यावा आणि मोटरच्या फील्डला कमाल व किमान अशा दोन्ही मर्यादा लावाव्यात. किमान मर्यादा का लागते ते प्रश्न १० मध्ये आहे, आणि हे न केल्यास रात्री काय होते ते प्रश्न १३ मध्ये.

८. सकाळी ०.८ लीडिंग लावून ठेवतो, दुपारपर्यंत मोटर युनिटीजवळ आलेली असते. कुणी हात लावत नाही. मग असे का होते?

जवळजवळ नेहमीच कारण एकच असते: फील्डचा करंट नव्हे, तर फील्डचे व्होल्टेज स्थिर ठेवलेले असते. तांब्याचा रेझिस्टन्स तापमानाबरोबर वाढतो. फील्ड वाइंडिंग २५ अंशांवरून १०५ अंशांपर्यंत तापले तर तो सुमारे ३१ टक्के वाढतो, आणि तेवढ्याच व्होल्टला करंट सुमारे २४ टक्के घटतो. आपल्या मोटरमध्ये सकाळचे १७९ अँपिअर दुपारी १३७ होतात. प्रश्न ४ मधल्या हिशेबाने १३७ अँपिअरवर पूर्ण लोडला फक्त सुमारे ११० केव्हीएआर उरतात. सॅच्युरेशनमुळे प्रत्यक्षातली घसरण थोडी सौम्य असते, पण दिशा तीच.

मी स्वतः एका प्लांटमध्ये यावर दोन दिवस घालवले आहेत. लॉगशीटमध्ये ऑपरेटर दर तासाला फील्ड व्होल्ट इमाने लिहीत होता आणि ते तंतोतंत स्थिर होते, त्यामुळे ‘फील्डमध्ये काही बदल नाही’ असे सगळेच म्हणत होते. फील्ड अँपिअरचा रकाना लॉगशीटवर नव्हताच. तो रकाना जोडला आणि दुपारच्या आधीच उत्तर समोर आले. उपाय म्हणजे एक्सायटरचा रेग्युलेटर करंटवर चालवणे. ते शक्य नसेल तर मोटर तापून स्थिर झाल्यावर, साधारण तीन-चार तासांनी, फील्ड पुन्हा लावणे. मात्र अशा गरम अवस्थेत लावलेल्या व्होल्टेजवर थंड मोटर सुरू करू नये. थंड वाइंडिंगमध्ये त्याच व्होल्टला रेटेडपेक्षा बराच जास्त करंट जाईल.

९. आमची मोटर ब्रशलेस आहे, मुख्य फील्डचा करंट मोजताच येत नाही. व्ही-कर्व्ह कसा वापरायचा?

ब्रशलेस मोटरमध्ये पॅनेलवर दिसतो तो एक्सायटरच्या स्थिर फील्डचा करंट, आणि तो सहसा काही अँपिअरच असतो. मुख्य फील्ड शाफ्टवरच्या फिरत्या रेक्टिफायरमधून मिळते. व्ही-कर्व्ह एक्सायटर करंटवर काढावा; आकार तसाच येतो, फक्त आडव्या अक्षावरचे आकडे वेगळे असतात.

अशा मोटरसाठी युनिटीचा बिंदू ही तब्येतीची नोंद ठरते. कमिशनिंगच्या वेळी एका ठरावीक लोडला आणि व्होल्टेजला युनिटी किती एक्सायटर अँपिअरवर आली ते लिहून ठेवावे. समजा तेव्हा ३.० अँपिअरवर आलेली युनिटी पुढे कधी ३.६ वर येऊ लागली, तर रोटरला पूर्वीइतके फील्ड मिळत नाही. फिरता डायोड ओपन झाला असेल, त्याचा फ्यूज गेला असेल किंवा मुख्य फील्डच्या वाइंडिंगमध्ये काही वेढे शॉर्ट झाले असतील. वेढे शॉर्ट असतील तर व्हायब्रेशनही बहुधा फील्डबरोबर वाढते. स्लिप रिंगच्या मोटरमध्येही शॉर्ट वेढ्यांची हीच खूण असते: तेवढ्याच लोडला तळ उजवीकडे सरकतो.

१०. फील्ड किती खाली नेता येते? डावी बाजू अर्धवट का तुटलेली दाखवतात?

डाव्या बाजूला आंतरिक व्होल्टेज घटत जाते आणि तेवढाच लोड ओढण्यासाठी लोड अँगल वाढत जातो. तो ९० अंशांना पोचला की मोटर आणखी टॉर्क देऊ शकत नाही आणि सिंक्रोनिझम सुटतो. कर्व्ह तिथेच संपतो. आपल्या मोटरला ८०० किलोवॅटवर ही हद्द ८० अँपिअरला येते. त्या वेळी स्टेटरमधून ११२ अँपिअर जात असतात, म्हणजे रेटेडच्या १२८ टक्के. सॅलियंट पोलच्या मोटरला रिलक्टन्स टॉर्कमुळे थोडी जास्त जागा मिळते, पण त्या जागेच्या भरवशावर चालवू नये.

खरी अडचण हलक्या लोडवर होते. रेग्युलेटर युनिटी राखायला फील्ड खाली आणतो, तेवढ्यात कॉम्प्रेसर अचानक लोड होतो आणि रोटर मागे झुकताना नव्या स्थितीच्या पलीकडे झेपावतो. फील्ड वाढायला वेळ लागतो आणि मोटर सुटते. म्हणून फील्डची किमान मर्यादा पूर्ण लोडच्या हिशेबाने लावावी, त्या क्षणीच्या लोडच्या नव्हे.

११. साइटवर व्ही-कर्व्ह स्वतः काढता येईल का? काय काळजी घ्यावी?

येईल. लोड अर्धा तास तरी स्थिर राहील अशी वेळ निवडावी. एक्सायटेशन मॅन्युअलवर घ्यावे, पण फील्ड-लॉस आणि पुल-आउटचे संरक्षण अजिबात बंद करू नये. मोटर तापलेली असावी. रेटेड फील्डपासून सुरुवात करून पाच-पाच टक्क्यांनी खाली यावे आणि प्रत्येक पायरीवर बस व्होल्टेज, फील्ड करंट, तिन्ही फेजचे करंट आणि किलोवॅट एकाच वेळी नोंदवावेत. किलोवॅट एक-दोन टक्क्यांहून जास्त हलले, तर ते वाचन टाकून द्यावे, कारण ते दुसऱ्याच कर्व्हवरचे आहे.

तळ ओलांडल्यावर लोभ धरू नये. पॉवर फॅक्टर ०.९ लॅगिंगच्या आसपास आला की थांबावे आणि परत वर जाताना तीच वाचने पुन्हा घ्यावीत. लोखंडाच्या हिस्टेरेसिसमुळे जाताना आणि येताना थोडा फरक दिसतो, सरासरी घ्यावी. ओव्हर-एक्सायटेशनपुरती गरज असेल तर डावी बाजू काढण्याचे कामच नाही.

१२. कपॅसिटर बँक स्वस्त असते. मग मोटरमधून केव्हीएआर घेण्यात काय फायदा?

निव्वळ केव्हीएआरसाठी सिंक्रोनस मोटर विकत घेणे सहसा परवडत नाही. मोठा, सतत चालणारा लोड तसाही चालवायचाच असेल, तर प्रश्न वेगळा होतो.

सर्वात मोठा फरक व्होल्टेज पडल्यावर दिसतो. कपॅसिटरचे केव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाने घटतात, म्हणून बस ९० टक्क्यांवर आली की ६०० चे ४८६ होतात, आणि नेमकी तेव्हाच गरज जास्त असते. आपली मोटर तेवढ्याच फील्डवर त्याच बसला सुमारे ५८७ देत राहते. मात्र तेव्हा स्टेटरमधून सुमारे ९६ अँपिअर जातात, म्हणजे रेटेडपेक्षा दहा टक्के जास्त, त्यामुळे ही स्थिती तासन्‌तास चालवता येणार नाही. मोटरचे केव्हीएआर सलग बदलता येतात, आणि व्हेरिएबल स्पीड ड्राइव्ह भरपूर असलेल्या प्लांटमध्ये कपॅसिटरसारखा हार्मोनिक रेझोनन्सचा धोका मोटर आणत नाही.

उणी बाजू म्हणजे मोटर थांबली की केव्हीएआरही थांबतात. शिवाय सुरू होताना ती डँपर वाइंडिंगवर इंडक्शन मोटरसारखी चालते आणि मोठा लॅगिंग करंट ओढते. त्या वेळी बसला आधार कपॅसिटरचाच असतो. म्हणून बऱ्याच ठिकाणी दोन्ही ठेवतात.

१३. रात्री बाकीचा प्लांट जवळजवळ बंद असतो आणि मुख्यतः ही मोटर चालते. तेव्हा पॉवर फॅक्टर लीडिंग दाखवतो. हे वाईट आहे का?

हिशेब करून पाहू. रात्री मोटर ४०० किलोवॅटवर आहे आणि फील्ड तसेच १७९ अँपिअरवर, म्हणजे ती ७४४ केव्हीएआर देते (प्रश्न ७). बाकी लोड ३०० किलोवॅट, ०.८ लॅगिंग, म्हणजे मागणी फक्त २२५ केव्हीएआर. उरलेले ५१९ केव्हीएआर पुरवठ्याकडे उलटे जातात आणि इनकमरवर ०.८ लीडिंग दिसते. करंट जितका ०.८ लॅगिंगला असता तितकाच असतो. बिल केव्हीएएचवर असून मीटर लीडिंगही मोजत असेल, तर दिवसाची कमाई रात्री परत जाते. कराराचे मीटरिंग कोणत्या प्रकारचे आहे ते आधी तपासावे.

त्याच वेळी बसचे व्होल्टेजही चढते. चढ साधारणपणे केव्हीएआर भागिले शॉर्ट-सर्किट लेव्हल एवढी असते. ४० एमव्हीएच्या बसवर ६०० केव्हीएआर म्हणजे सुमारे १.५ टक्के. एकट्याने हे फार नाही, पण रात्री पुरवठ्याचे व्होल्टेज आधीच वर असते आणि ट्रान्सफॉर्मरचा टॅप दिवसाच्या लोडसाठी लावलेला असतो.

१४. मोटर ०.८ लीडिंगवर आहे, इनकमर सुधारला, पण ४१५ व्होल्टच्या पॅनेलवर पॉवर फॅक्टर होता तसाच आहे. कुठे चुकले?

कुठेच नाही. केव्हीएआरचा फायदा मोटर जिथे जोडली आहे त्या बसच्या वरच्या बाजूलाच मिळतो: इनकमर, मुख्य ट्रान्सफॉर्मर आणि पुरवठ्याची लाइन. खालच्या ट्रान्सफॉर्मरमधून आणि एलटी केबलमधून लॅगिंग करंट पूर्वीसारखाच वाहतो, फक्त तो आता पुरवठ्याऐवजी मोटरकडून येतो. एलटी ट्रान्सफॉर्मर ओव्हरलोड असेल तर त्याला आराम देण्यासाठी एलटीवरच कपॅसिटर लावावे लागतील. उलट मोटरच्या स्वतःच्या केबलमध्ये करंट ७० वरून ८७.५ अँपिअर झालेला असतो. ती केबल युनिटीच्या हिशेबाने निवडलेली असेल, तर तिची क्षमता ओव्हर-एक्सायटेशन लावण्याआधी पाहावी.

१५. पुरवठा क्षणभर जाऊन आला तर ओव्हर-एक्सायटेड मोटर जास्त धोक्याची आहे का?

हो, कारण ती लगेच मरत नाही. पुरवठा गेल्यावर तिचे फील्ड चालूच असते आणि जोडलेल्या लोडच्या जडत्वावर फिरत ती बसला व्होल्टेज देत राहते. वेग घसरतो तशी तिची फ्रीक्वेन्सी पुरवठ्यापासून दूर सरकते. त्या अवस्थेत ब्रेकर परत बंद झाला आणि दोन्ही व्होल्टेज उलट फेजमध्ये आली, तर शाफ्टवर व स्टेटरच्या ओव्हरहँगवर शॉर्ट-सर्किटइतका किंवा त्याहून मोठा झटका बसू शकतो. केवळ अंडर-व्होल्टेज रिले पुरेसा ठरत नाही, कारण व्होल्टेज मोटर स्वतःच टिकवून धरते. फ्रीक्वेन्सी घसरण किंवा रिव्हर्स पॉवरवर चालणारा रिले लावून, पुरवठा परत येण्याआधी मोटरचा ब्रेकर उघडावा आणि फील्ड डिस्चार्ज रेझिस्टरवर टाकावे.